लगतची रेघ

मोजमापाच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर, मायक्रोमीटर अशी बारीक मापं घेणारी हत्यारं शिकवणाऱ्या बाईंना पोरं पाठीमागे ‘अचूकबाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. घरी नवरा चिडवायचा, “आमच्याकडे मीठसुद्धा व्हर्नियर लावून पडतं बरं का!” त्यावर बाई म्हणायच्या, “म्हणूनच जेवण गोड लागतं तुम्हाला.”

असा तोरा होता बाईंचा, आणि का नसावा? प्रयोगाच्या सूचनांचा इंग्रजी कागद वाचून निम्मी पोरं बावचळायची. बाईंनी तो हट्टाला पेटून मराठीत आणला. ‘लीस्ट काउंट’ला कुणी सुचवलं ‘अल्पतम मापांक’. बाई फणकारल्या, “हे ऐकून पोरगं पळून जाईल!” त्यांनी शब्द लीस्ट काउंटच ठेवला आणि शेजारी लिहिलं: या हत्याराला मोजता येणारं सगळ्यात लहान अंतर. मग पुढे समजावलं, की व्हर्नियरच्या सरकत्या पट्टीवर एकोणपन्नास मिलिमीटरचे पन्नास सारखे भाग केलेत, म्हणून तिचा एक भाग मिलिमीटरपेक्षा शून्य दशांश शून्य दोनने आखूड आहे. हा जो फरक, तोच लीस्ट काउंट. इतकं सोपं! कागदाला प्लॅस्टिक चढवून तो प्रत्येक टेबलावर चिकटवला होता.

त्याच कागदाच्या भरवशावर बाईंनी स्वतःच्या भाचीला इथे आणलं. ही बहिणीची मुलगी इंग्रजीपायी एकदा शिक्षण सोडून घरी बसली होती. बापाने बजावलं होतं, “आता नापास झाली तर पुरे झालं शिक्षण.” बाई म्हणाल्या होत्या, “भाऊजी, माझ्यावर सोडा.” भाची वर्गात ‘मॅडम’ म्हणायची, दाराबाहेर पडली की ‘मावशी’.

तर झालं काय, प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. माणूस मितभाषी, चष्मा नाकाच्या टोकावर. दरवर्षी परीक्षेला प्रयोगशाळेतलाच जुना लोखंडी तुकडा दिला जायचा, बत्तीस दशांश दोन सहा मिलिमीटरचा. यांनी मात्र खिशातून स्वतःची पोलादी पिन काढली. “हिचा व्यास मोजा. आधी मायक्रोमीटरने, मग व्हर्नियरने.”

सगळ्यांचं मोजून झालं आणि परीक्षकांनी बाईंना खुणेने बोलावलं. भाचीचा कागद पुढे सरकवला. मायक्रोमीटर: चोवीस दशांश सात दोन. व्हर्नियर: पंचवीस दशांश सात दोन.

“एकच पिन, एकच मुलगी,” परीक्षक म्हणाले, “आणि एक मिलिमीटरचा फरक. निम्म्या वर्गाचं हेच.”

बाईंची कानशिलं तापली. हत्यारातली शून्यचूक म्हणावी तर त्याचे जबडे मिटल्यावर शून्य शून्यावर चोख बसत होतं. मग कारटीचं लक्ष होतं कुठे? त्या तरातरा भाचीच्या टेबलाशी गेल्या.

“डोळे फुटले होते का गं? एक मिलिमीटर! बापाला काय सांगू मी?”

भाचीचं तोंड एवढंसं झालं. “मॅडम, मी तर कागदात आहे तसंच केलं.”

“काहीतरी बरळू नकोस. दाखव.”

भाचीने व्हर्नियर धरलं. “मुख्य पट्टीवर शून्याच्या लगतची रेघ वाचा, असं लिहिलंय. हे बघा सरकत्या पट्टीचं शून्य. चोवीस लांब राहिलं, पंचवीस अगदी लगत आहे. म्हणून पंचवीस. मग जुळणारी रेघ छत्तिसावी. छत्तीस गुणिले शून्य दशांश शून्य दोन, म्हणजे शून्य दशांश सात दोन. बेरीज केली.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. अगं बाई गं!

‘लगतची रेघ.’ बस, एवढंच. त्यांनी आधी ‘लगतची आधीची रेघ’ असंच लिहिलं होतं की! मजकूर एका पानात बसेना, म्हणून इकडचा तिकडचा शब्द छाटताना ‘आधीची’ त्यांनी स्वतःच्या हाताने उडवला होता. स्वतःला लिहिलेलं कळत होतं ना, मग झालं! शून्य दोन रेघांच्या मधे अर्ध्याच्या अलीकडे असलं, तर लगतची रेघ आधीचीच निघते, उत्तर बरोबर. पलीकडे गेलं की लगतची होते पुढची, आणि उत्तर सरळ एक मिलिमीटरने फुगतं. आणि तो जुना तुकडा, बत्तीस दशांश दोन सहा! अर्ध्याच्या अलीकडचा. शिकवायला तोच, परीक्षेला तोच. चूक सापडणार कशी?

मायक्रोमीटर का नाही चुकलं? तिथे त्यांनी लिहिलं होतं, ‘फिरत्या नळीच्या कडेबाहेर दिसणारी शेवटची रेघ’. पुढची रेघ नळीखाली झाकलेली, दिसतच नाही, तर वाचणार कोण! चोवीस दिसली, तिच्यापुढची अर्ध्याची रेघही दिसली, म्हणून चोवीस दशांश पाच. फिरत्या नळीवरची बाविसावी रेघ जुळली, तिचा एक भाग शून्य दशांश शून्य एकचा, म्हणजे शून्य दशांश दोन दोन. एकूण चोवीस दशांश सात दोन. पोरीने कसं चोख वाचलं होतं.

 सगळ्या वर्गादेखत बाई परीक्षकांसमोर उभ्या राहिल्या. “साहेब, चूक पोरांची नाही. कागद मी लिहिलाय. शब्द मी खाल्लाय.” आवाज चिरकला. अचूकबाईंचा आवाज चिरकलेला वर्गाने पहिल्यांदाच ऐकला.

परीक्षकांनी कागद वाचला, परत वाचला. “लिहिलेलं उत्तर मी खोडू शकत नाही. पण वेळ शिल्लक आहे. वाक्य दुरुस्त करा, मी दुसरी पिन देतो, तिचे गुण धरीन.”

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: ‘व्हर्नियरच्या शून्याने ओलांडलेली शेवटची रेघ वाचा. शून्य नेमकं रेघेवर असेल तर तीच. पुढची रेघ कितीही जवळ दिसली तरी सोडा.’

या वेळी सगळ्यांचं वाचन जुळलं. भाचीचंही. ती हळूच म्हणाली, “मावशी, सुटलो गं!” वर्गात ‘मावशी’ म्हटलेलं बाईंना ऐकूच गेलं नाही, कारण निघता निघता परीक्षकांनी साध्या आवाजात विचारलं होतं, “या कागदावर शिकलेल्या आधीच्या तुकड्या कुठे आहेत?”

कुठे म्हणजे? कारखान्यांत. हातात व्हर्नियर घेऊन.

 बाईंनी फोन काढला आणि पहिल्या तुकडीतल्या लंबूला लावला. लंबू म्हणजे त्यांचा लाडका, मायक्रोमीटर बाळासारखा जपून धरायचा. तपासणी विभागात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आला होता.

“अरे, व्हर्नियर वाचताना शून्याच्या कुठली रेघ घेतोस तू?”

“लगतची, मॅडम. अजून पाठ आहे.” तो हसला. “पण आता कुठलं व्हर्नियर! मी माल पोचवायची गाडी चालवतो.”

“का रे? नोकरीचं काय झालं?”

“काढलं की लगेच. कधी बरोबर यायचं, कधी एक मिलिमीटर जास्त. साहेब म्हणाले, तुझा भरवसा नाही.”

 “मग मला का नाही विचारलंस? कागदातच चूक होती रे. माझी चूक होती.”

पलीकडे गाडी कडेला थांबल्याचा आवाज आला.

“तुमचा कागद चुकेल, असं मनातसुद्धा आलं नाही, मॅडम,” लंबू म्हणाला. “मला वाटलं, मीच ढ आहे.”