पाच चमचे आणि एक तोंडी परीक्षा

त्या परीक्षकाचा मला आजही संताप येतो. शहाद्याच्या कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. कॉम्प्युटरमधले प्रोग्रॅम एकमेकांसाठी कसे अडून बसतात ते दाखवणारा जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचा प्रश्न मी पाच मुलींना टेबलाभोवती बसवून शिकवला होता. दोघींमध्ये एक चमचा, खायला लागणार दोन. प्रत्येकीने डावा उचलला आणि सगळ्या अडकल्या.

चमच्यांना नंबर दिले, लहान नंबर आधी उचला म्हटलं. कोंडी सुटली, पण एकटी जेवत होती आणि तिघी एकेक चमचा धरून ताटकळल्या. मग एका सहाव्या मुलीला बाजूला उभं केलं आणि चमचा उचलण्याआधी तिची परवानगी घ्यायला लावली. ती पाणी प्यायला गेली आणि सगळं ठप्प. शेवटी, दुसरा मिळाला नाही तर हातातला खाली ठेवा म्हटलं. पाचही जणी एकदम उचलत, एकदम ठेवत राहिल्या.

"सर, आम्ही उपाशीच शेतस!"

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या त्या परीक्षकाने त्यांच्यातल्याच एकीला सर्वांत चांगला उपाय विचारला. तिने तिन्ही उपाय उणिवांसकट सांगितले.

"एकच उत्तर दे," तो खेकसला आणि मार्क कापले.

माझं डोकं भडकलं. मी तोंड उघडलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. तिसऱ्यांदा मात्र मी बोललो.

"सर, चहा मागवू?"