मनात न आलेले शब्द

महाडला माझा कॉम्प्युटर क्लास होता, संध्याकाळी तिथे इंटरनेटही चालायचं. पोलादपूरकडची एक बाई मुंबईच्या बहिणीला ई-मेल करायला यायची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती बिरवाडीत खोली घेऊन राहिली होती. एकदा आली ती पांढरी पडलेली. खोली बदलल्याचं तिने फक्त बहिणीला लिहिलं होतं आणि नवरा नव्या दारात हजर. तो तिचा मेल वाचत होता.

"पासवर्ड दोनदा बदलला, बाई. कुणाला सांगितला पण नाय."

"काय ठेवला होता?"

पहिला माहेरच्या देवीचं नाव, दुसरा लहानपणीच्या मैत्रिणीचं. मी कपाळाला हात लावला. जरा चिडूनच म्हटलं, "बारा वर्षं संसार केलाय त्याने तुमच्याशी. तुम्हाला जे सुचतं ते त्यालाही सुचणार."

समोरच्या दुकानातून मी लुडोचा फासा आणला. इंटरनेटवरून छापून ठेवलेली इंग्रजी शब्दांची यादी तिच्यापुढे ठेवली. सात हजार सातशे शहात्तर शब्द, प्रत्येकापुढे पाच आकडी क्रमांक, एक ते सहा एवढेच आकडे. फासा पाच वेळा टाकायचा, आकडे ओळीने लिहायचे, त्या क्रमांकाचा शब्द घ्यायचा. असे चार शब्द.

"अन् ही यादी त्याला मिळाली तर?"

"मिळू दे. तुमचा फासा काय पडला ते त्यात नाही."

मी तिच्याकडे पाठ फिरवून बसले. शब्द मलाही कळायला नको होते. टेबलावर फासा खडखडत राहिला. तिसऱ्या शब्दाला ती थांबली.

"बाई, हा नको वाटतो. दोन-चार ओळी वर लिली हाय. ते फूल मला आवडतं, ते घेऊ?"

"आवडतं म्हणूनच नको. जो पडला तोच. परतही टाकायचा नाही, नाहीतर निवड पुन्हा तुमचीच झाली."

तिने ऐकलं, पडलेलाच शब्द लिहिला. विसरलेला पासवर्ड मिळवताना विचारतात त्या प्रश्नाचं उत्तरही फाशानेच ठरवायला लावलं. आधीचं उत्तर आईचं माहेर होतं, आणि जावयाला ते ठाऊक नसेल कसं? मग तिने नवा पासवर्ड बसवला आणि कागद ब्लाउजमध्ये ठेवला.

मला वाटलं, आता हसेल. ती मात्र फासा हातात धरून बसून राहिली. मला तिची फार कणव आली.

"लग्न झाल्यावर बाया बोलायच्या," ती हळूच म्हणाली, "हिच्या नवऱ्याला हिच्या मनातलं सगळं न सांगता कळतं. मला पण तेव्हा लय बरं वाटायचं, बाई."