सोमवारच्या पाण्यातला साबण

मी रागावलो की आमच्या घरात आधी हसतात. आवाज चढला की तो चिरकतो, त्यामुळे धाक बसण्याऐवजी करमणूकच होते. पण त्या हिवाळ्यात मी महिनाभर खरोखर धुमसत होतो. त्यातल्या निम्म्या रागाचा धनी मी स्वतःच होतो, हे कळायला तीन सोमवार लागले.

मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं प्रोजेक्ट घेतला होता. अजिंठ्याकडची पोरगी, घरी मेंढरं. हॉस्टेलच्या मोरीत कपडे धुतल्यावर जे पाणी वाया जातं, ते झाडांच्या मुळांतून गाळून बागेला वापरता येईल का, हे तिला पाहायचं होतं. मी हौसेनं तिच्या कामात पडलो. एक निळा ड्रम, त्याच्या तोंडाला जुन्या ओढणीचं फडकं, म्हणजे कपड्यांचे तंतू अडकतील. ड्रमच्या तोटीतून पाणी थेंब थेंब एका लांबट टबात. टबात दोन्ही टोकांना मोठी गिट्टी, मध्ये बारीक खडी आणि वाळू, आणि त्यात लावलेली कर्दळ. या टोकाला आत गेलेलं पाणी त्या टोकाला बाहेर पडायला साधारण एक दिवस घ्यायचं. हा एक दिवस मी स्वतः मोजला होता, पाण्यात रंग टाकून. म्हणजे बघा, मला माहीत होतं.

तपासण्या दोनच. पाणी गाळायचं, गाळण कागद ओव्हनमध्ये वाळवून, गार करून तोलायचा. कोऱ्या कागदापेक्षा जितका जड, तितका गाळ. साबणासाठी पाण्यात निळा रंग आणि क्लोरोफॉर्म टाकून हलवायचं. खालचा क्लोरोफॉर्मचा थर जितका निळा, तितकी धुण्याची पावडर पाण्यात शिल्लक.

नमुने दर सोमवारी दहाला घ्यायचे, हे मी ठरवलं. ड्रममध्ये ताजं भरलेलं पाणी एका बाटलीत, टबातून बाहेर आलेलं दुसऱ्या बाटलीत. "इतर दिवशी ओव्हनमध्ये माती तपासणीचे डबे असतात," असं मी तिला मोठ्या गंभीरपणे सांगितलं. ते खरं होतं. रविवारी ओव्हन सोमवारपेक्षाही रिकामा असतो, हे मी सांगितलं नाही. रविवारी आमच्याकडे मटण असतं आणि त्यानंतर मी असतो पलंगावर.

पहिल्या सोमवारी गाळ जेमतेम कमी झाला आणि साबण वाढला. दुसऱ्या सोमवारीही तेच. तिसऱ्या सोमवारी बाहेरच्या पाण्याचा थर आतल्यापेक्षा इतका निळा आला की मुलगी नळी पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत राहिली.

तिचे मार्गदर्शक सर आले. आकडे पाहिले आणि हसले.

"काय गं, तुझी कर्दळ साबणाचा कारखाना टाकती का? वाळूजच्या एमआयडीसीत जागा बघू का?"

मागची दोन पोरं फिदीफिदी हसली.

"सर, परत करून बघते."

"परत कधी? शुक्रवारी फाईल जमा करायची. दोन्हीला ऐंशी टक्के घट लिही. सगळ्यांचे ऐंशीच येतात."

"आलंच नाय तर कसं लिहू, सर?"

"मग मी सही कशी करू? सही नाही तर तोंडी परीक्षा नाही. बस सहा महिने."

ते गेले आणि मग माझा आवाज चढला. सर जिन्याखाली पोचले होते तेव्हा. मी त्या रिकाम्या दाराला काय काय सुनावलं! मुलगी म्हणाली, "काका, हळू. ऐकतील." मी लगेच हळू झालो. अशी माझी बहादुरी.

त्याच तिरमिरीत मी हॉस्टेलच्या मोरीवर गेलो. तिथं झाडलोट करणाऱ्या मावशी ड्रममध्ये आणखी एक बादली ओतत होत्या. रोज मोरीतलं पाणी बादलीनं ड्रममध्ये ओतायचं काम आम्ही त्यांच्यावर टाकलं होतं. मी त्यांच्यावरच डाफरलो.

"मावशी, ड्रममध्ये नीट साबणाचं पाणी टाकता की नाही? का नळाचंच ओतता?"

मावशींनी बादली खाली ठेवली. "नळाचं? नळाला पाणी हाय का, भाऊ? आज सोमवार. सोमवारी पोरी तोंड धुत्यात फकस्त. हे बघा, कसं निवळ हाय."

"मग कपडे?"

"टँकर शनिवारी सांजच्याला येतो. समद्या पोरी रविवारी धुत्यात. काल लई फेस व्हता, माझे पाय दिसंनात. तुम्ही कधी आलाव रविवारी?"

मी तिथंच ओल्या फरशीवर उभा राहिलो. सोमवारी टबातून बाहेर येणारं पाणी रविवारचं होतं, फेसाळ धुण्याचं. आणि त्याची तुलना आम्ही करत होतो सोमवारच्या तोंड धुतलेल्या पाण्याशी. कर्दळ बिचारी आपलं काम करत होती. माझ्या मटणापायी तिच्यावर साबण बनवल्याचा आळ आला होता.

मी मुलीला सगळं सांगितलं. वाटलं, ती चिडेल. तिनं वही उघडली आणि म्हणाली, "म्हणजे रविवारी आतलं घ्यायचं, सोमवारी त्याच वेळेला बाहेरचं. काका, रविवारी येताल ना?"

शुक्रवारची मुदत चार दिवस वाढवून घ्यायला तिला विभागात तीन चकरा माराव्या लागल्या. तेवढा वेळ सर तिला ऐंशीचा उपदेश करत राहिले आणि मी दात खात राहिलो. रविवारी मी गेलो. बायको म्हणाली, "मटण तुझ्या प्रयोगशाळेत पाठवू का, गाळून खाशील?"

त्या रविवारचा कागद गोधडीच्या तुकड्यासारखा करडा होता. सोमवारी बाहेरच्या पाण्याचा कागद जवळपास पांढरा. गाळ बहुतेक अडला होता. साबणाच्या थराचा निळा रंग मात्र निम्माच फिका झाला. मुळं अजून कोवळी होती, वाळूवर साबण खाणाऱ्या जिवाणूंचा थर पुरता बसला नव्हता. जे आलं ते आलं.

सरांनी फाईल चाळली. "साबण निम्मा? आणि हे पान कशाला, तीन सोमवार चुकीच्या वेळी नमुने घेतले म्हणून? विभागाची शोभा. काढ ते."

यावेळी सर समोर असताना माझा आवाज चिरकला. "सर, त्या पानावरची चूक माझी आहे. ती खोडायची असेल तर आधी मला विचारा!"

ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू ओव्हन बोलला. मग पेन इतकं दाबून सही केली की खालच्या पानावर उमटली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई नेमक्या त्याच पानावर थांबल्या. मी टबाचं मॉडेल सांभाळत कोपऱ्यात उभा होतो.

"ही चूक लक्षात कशी आली?" त्यांनी विचारलं.

"मी पहिल्यापासून सांगत होतो, मॅडम," सर म्हणाले, "नमुन्याची वेळ फार महत्त्वाची."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिची परीक्षा होती, असं मी घरी सांगतो. खरं म्हणजे मी घाबरलो.

मुलगी म्हणाली, "नाय मॅडम. हॉस्टेलच्या मावशींनी सांगितलं. ड्रम त्याच भरतात."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"मावशींचं नाव काय?" त्यांनी विचारलं. मुलीनं सांगितलं, आणि बाईंनी ते फाईलच्या पहिल्या पानावर, सरांच्या नावाखाली, लिहून घेतलं.