लेकरांजवळ कोण राहणार

नाटकाचा पडदा संथपणे वर सरकावा, तसं बोडीवरचं धुकं उचललं जात होतं. मागे साग-मोहाचं जंगल, अलीकडे बोडीचं ते छोटं तळं, त्याच्या काठाला सहा कौलारू खोल्या. अंगणातल्या टेबलाशी तिघं बसलेली: नवेगावबांधजवळचं हे घरगुती रिसॉर्ट चालवणारा चंद्रशेखर, त्याची बायको रंजिता आणि आई लीलाबाई. साल दोन हजार अकरा. समोर पाहुण्यांसाठीचे नियम लिहायला कोरा कागद होता आणि पहिलं वाक्य कोणालाच सुचत नव्हतं.

लीलाबाई केशोरीच्या अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं सेविका होत्या. पाहुण्यांची पोरं त्यांच्याभोवतीच घोटाळायची. म्हणून प्रत्येक खोलीत लावलेल्या पाटीवर त्यांनीच हौसेनं लिहवून घेतलं होतं : 'लेकरांची काळजी करू नका, आजी आहे.'

आठ दिवसांपूर्वी एका जोडप्यानं ते शब्द खरे मानले. पाच वर्षांच्या दिव्याला झोपलेलीच ठेवून दोघं पहाटे जंगल पाहायला जिप्सीत बसले. त्यांचा कुत्रा बाहेर मोकळा होता. पोरगी उठली आणि त्याच्यामागं बोडीकडं गेली. पडवीत चुलीशी बसलेल्या लीलाबाईंना बोडीच्या पायऱ्यांवर काहीतरी पिवळं दिसलं. वाळत घातलेली चादर असेल, असं वाटून त्यांनी भाकर उलटली. तो दिव्याचा फ्रॉक होता.

पोरगी पाण्यात पडली. बागकाम करणाऱ्या सुकरामनं उडी टाकली म्हणून वाचली. आईबाप रडत रडत लीलाबाईंच्या पाया पडले. "तुम्ही होतात म्हणून," म्हणाले. चादरीची गोष्ट लीलाबाईंनी कोणालाच सांगितली नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे कळलं, तर लेकरं कोण सोपवणार आपल्याजवळ? मग आपण उरलो कशाला?

"कुत्र्याचं सोपं आहे," रंजिता म्हणाली. "येण्याआधी कळवायचं. लसीचा कागद दाखवायचा. अंगणात साखळीला बांधून, खोलीत एकटं सोडायचं नाही, जेवणघरात आणायचं नाही. त्याचं अंथरूण त्यानंच आणायचं."

"कुत्र्यानं?" चंद्रशेखर हसला.

"मालकानं! अन् घाणही मालकानंच उचलायची. जंगलात कुत्रं न्यायला मनाई आहे, तेही लिहा. इथं बिबट येते, रात्री बाहेर बांधायचं नाही."

गादीचंही ठरलं. पाच वर्षांपर्यंतचं लेकरू आईबापाच्या पलंगावर, फुकट. त्याहून मोठ्याला जमिनीवर वेगळी गादी, उशी, पांघरूण. एका खोलीत एकच जादा गादी, पैसे वेगळे, आणि खोली ठरवतानाच सांगायचं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. मोठ्यानं गाणी नाहीत, आणि कुत्रं भुंकतच राहिलं तर मालकानं त्याला आवरायचं. रडणाऱ्या तान्ह्याला मात्र हा नियम लागू नाही, हे लीलाबाईंनी मुद्दाम घालायला लावलं.

मग मुलांच्या देखरेखीचा मुद्दा आला. चंद्रशेखरनं लिहिलं, 'मुलांकडे लक्ष द्यावे ही नम्र विनंती.'

"विनंती कायले?" लीलाबाई म्हणाल्या. "विनंती वाचून कोणी पोराचा हात धरते का?"

"कडक लिहिलं तर पाहुणे नाराज होतील, आई."

"होऊ दे."

रंजितानं दुसरं वाक्य काढलं: 'मुलांची जबाबदारी रिसॉर्टवर नाही.'

"आपण हात झटकून राहिलो काय?" लीलाबाईंचा आवाज चढला. "आपली नाही, तर कोणाची? ते लिही. अंगणवाडीत पोरगं घरी सोडताना न्यायला कोण आलं, त्याचं नाव घ्यायची मी. नावाशिवाय एकही पोर दाराबाहेर गेलं नाही."

म्हणून असं ठरलं: बारा वर्षांखालच्या मुलाजवळ एक मोठं माणूस सतत हवं, बोडीच्या काठावर हाताच्या अंतरावर. आईबाप जंगलात जाणार असतील, तर मूल सोबत न्यायचं, नाहीतर दोघांपैकी एकानं थांबायचं. खोली देतानाच रजिस्टरात त्या माणसाचं नाव आणि सही. रिसॉर्टचं कोणीही मुलं सांभाळणार नाही.

"कोणीही?" रंजितानं विचारलं. "तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

जुनी पाटी काढायला चंद्रशेखर उठला, तशा लीलाबाई स्वतःच गेल्या आणि सहाही खोल्यांतल्या पाट्या उतरवून आणल्या.

शनिवारी गोंदियाहून अल्का नावाची बाई नवऱ्यासोबत आली, कडेवर तीन वर्षांची मुलगी. नवरा मागे गाडीतून सामान काढत होता. अल्कानं रजिस्टरात सही केली. नियम वाचले. मुलगी कडेवरून उतरून सरळ लीलाबाईंच्या पदराला लटकली.

"बघा, कशी चिटकली! आजी, आम्ही दोघं जरा जंगलात जाऊन येतो. दोन तास संभाल लोगे ना? नियम काय, कागदावर असतातच."

चंद्रशेखर मध्ये बोलणार, तोच लीलाबाईंनी हात वर केला. पोरीचा हात पदरातून सोडवला, आईच्या हातात दिला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कोणाला असं परत पाठवलं नव्हतं. मुलगा आणि सून दोघंही ऐकत होते.

"मले दूरचं दिसत नाही, माय. त्या दिवशी पाण्यापाशी पोरगी होती, मले चादर वाटली. तूच रहा हिच्याजवळ."