परळच्या नव्या इस्पितळाच्या चादरी

आनंदा गावडे मुळात वाचायचा कंटाळा करणाऱ्यातला नव्हे. रोजचा पेपर तो शेवटच्या पानापर्यंत चाळतो. पण माणसावर एकदा भरवसा टाकला की त्याच्या कागदावर कसली नजर टाकायची, असा त्याचा खाक्या. आता सांगा, असल्या माणसाला कंपनीचा चेअरमन कुणी करावं?

केलं यशोधनने. लालबागच्या गाळ्यात इस्पितळांच्या चादरी धुणारी त्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. सत्तर टक्के शेअर यशोधनचे, तीस आनंदाचे, आणि डायरेक्टर दोघेच. यशोधन पँट-शर्टातला, गोड बोलणारा. "आनंदादा, वयाने तुम्ही मोठे, खुर्ची तुमची," म्हणाला, आणि आनंदा विरघळला. मशीन, साबण, इस्त्रीच्या बारा बायका हे सगळं आनंदाकडे, कागद यशोधनकडे.

दरवर्षी गणपतीला आनंदा बारा दिवस कुडाळला जाई. मागे काही अडू नये म्हणून निघण्याआधी दोघे ऑफिसात बसत, चहा घेत, आणि आनंदा सभेच्या इतिवृत्ताच्या चार-पाच कोऱ्या पानांवर चेअरमन म्हणून सह्या ठोकून देई. अकरा वर्षं. गावची वाट धरलेल्या माणसाला दुसरं काही सुचतं का!

यंदा परळला नवं इस्पितळ होत होतं. तिथल्या चादरींचं काम कंपनीलाच मिळणार, हे ठरल्यासारखं होतं. चौकशीची ईमेल कंपनीच्या नावाने आली होती, गाळा बघायलाही माणसं येऊन गेली होती. ते मिळणं गरजेचंही होतं, कारण जुन्या इस्पितळाने स्वतःची लॉन्ड्री उघडली होती आणि गाळ्यातली निम्मी मशीनं गप्प होती. गणपती आटोपून आनंदा परतला तो थेट परळला गेला.

तिथला खरेदी अधिकारी अनिश त्याच्याकडे बघतच राहिला. "काका, तुमच्या यशोधनसाहेबांनीच कळवलं की कंपनीला झेपणार नाही म्हणून. काम त्यांच्या धाकट्या भावाच्या फर्मला दिलंय."

ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्याने घरातच डल्ला मारला होता.

गिरगावात मृणालिनी वकील कंपनी कायद्याची कामं बघतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, कंपनीकडून कागद मागवले आणि ते आल्यावर त्याला पुन्हा बोलावलं. "कायदा तुमच्या बाजूचा आहे, काका. कंपनीकडे चालून आलेली संधी डायरेक्टरने परस्पर नातेवाइकाकडे वळवायची नसते. त्यातून अनुचित लाभ झाला असेल, तर तो कंपनीला भरून द्यावा लागतो. तीस टक्के शेअरच्या जोरावर तुम्ही कंपन्यांच्या ट्रिब्युनलमध्येही जाऊ शकता. पण हे बघा."

त्यांनी कंपनीकडून मागवलेलं इतिवृत्त समोर ठेवलं. कंपनीची क्षमता अपुरी असल्याने काम नाकारावे, यशोधन यांनी भावाच्या फर्मची माहिती सभेला दिली, फर्मने काम घेण्यास हरकत नाही, एकमताने मंजूर. खाली चेअरमन म्हणून आनंदाची सही. तारीख गावाला निघायच्या आदल्या दिवसाची, म्हणजे दोघे खरोखरच ऑफिसात बसले होते त्याच दिवसाची.

"मी हे वाचलंच नाही हो. पान कोरं होतं."

"तेच शपथेवर सांगावं लागेल. खोटं ठरेपर्यंत इतिवृत्त पुरावा धरतात. आणि चेअरमन कोऱ्या पानावर सही करतो, हा तुमचाही कर्तव्यात कसूर."

आनंदाला रडू येत होतं, स्वतःचा रागही येत होता. तरी म्हणाला, "लिहा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

आठवडाभरात गाळ्यासमोर टेम्पो लागला. भावाच्या फर्मकडे एक मशीन नव्हतं! परळच्या त्याच चादरी धुवायला इथेच आल्या होत्या, निम्म्या दराने. यशोधन सोबत आला होता, आवाज नेहमीसारखाच मऊ. "आनंदादा, बायकांचं काम सुटू नये म्हणून भावाच्या हातापाया पडलो. पण तो तापट आहे. कोर्टकचेरीचं कानावर गेलं तर उद्याच गठ्ठे दुसरीकडे पाठवील."

आनंदाने बाजूला जाऊन मृणालिनीबाईंना फोन लावला.

"काका, हा तर उत्तम पुरावा," त्या म्हणाल्या. "क्षमता नाही असं लिहिलं, आणि तेच काम त्याच मशीनवर! फोटो काढा, गठ्ठ्यांसोबत आलेलं चलन जपून ठेवा. सोमवारी अर्ज दाखल करू?"

"आणि निकाल?"

"वर्ष, दोन वर्षं. सांगता येत नाही."

"तोवर गठ्ठे इथेच येतील असा हुकूम मिळेल?"

"मागू शकतो. मिळेलच असं मी म्हणणार नाही."

दारात शेवंती उभी होती. महिनाभर अर्ध्या पगारावर दिवस काढलेल्या बारा जणींमधली सगळ्यात जुनी. पदर खोचून, पहिला गठ्ठा सोडून तयार.

"काका, मशीन लावू?"

फोनमध्ये मृणालिनीबाई विचारत होत्या, सोमवार नक्की ना. आनंदाने फोन छातीशी धरला.

"लाव," तो शेवंतीला म्हणाला.