लेखाखालची ओळ

माझी आत्या निवृत्त नर्स. पाठदुखीवर वेबसाइटसाठी लिहिते. एका संपादिकेने तिचे पाच विषय नाकारून सहावा घेतला, मानधन दोन हजार. लगेच गादी कंपनीच्या एजंटचा फोन आला.

"लेखात आमच्या गादीची लिंक टाका, आठ हजार देतो. फक्त संपादिकेला कळू देऊ नका."

"टाकते की. पण तिला विचारून, आणि लेख प्रायोजित आहे असं पहिल्याच ओळीत लिहून."

"मग कोण विश्वास ठेवणार, मॅडम? बारा घ्या."

आत्याने फोन ठेवला आणि सगळं संपादिकेला कळवलं. लेख लिंकशिवाय छापून आला. खाली आत्याने हट्टाने घालायला लावलेली ओळ होती: या लेखासाठी कोणत्याही कंपनीकडून पैसे घेतलेले नाहीत. देऊ केले होते.