मेंढपाळाला कळप पोसतो

माझी आई देवळाली कॅम्पकडच्या एका जुन्या मिशनरी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तिथल्या सहाही बायकांनी मिळून आठवड्याची एक सुट्टी मागितली. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना फाटकापाशी नेलं, खांबातल्या दगडावरच्या लॅटिन ब्रीदवाक्याकडे बोट दाखवलं आणि सुनावलं, "मेंढपाळ कळपाला पोसतो, असं लिहिलंय. संस्था तुम्हाला पोसते. कळप कधी सुट्टी मागतो का?"

आई घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "आम्हाला मेंढरं म्हणाला गं." त्यानंतर ती त्या दिवशी जेवलीच नाही.

महिन्याभराने मालट्रकच्या धक्क्याने तो खांब पडला आणि दगड दुभंगला. नवा दगड तीन भाषांत करायचं ठरलं. मी अनुवादाची कामं करते आणि त्याच शाळेत शिकले, म्हणून अध्यक्षांनी मला बोलावून कागद दिला. वर लॅटिन: पास्तोरेम ग्रेक्स अलित. खाली इंग्रजी: द शेफर्ड फीड्स द फ्लॉक. "मराठी तेवढं तू कर. सोपं आहे."

मला लॅटिन येत नाही. पण मूळ कळल्याशिवाय मी सही करत नाही. सेमिनरीत धर्मगुरू व्हायला येणाऱ्या मुलांना आयुष्यभर लॅटिन शिकवलेले एक निवृत्त फादर जवळच राहतात. त्यांच्याकडे गेले. कागद बघून ते आधी हसले, मग त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"इंग्रजी करताना कोशातून एकेक शब्द उचलून रांगेत लावलेत. पास्तोर म्हणजे मेंढपाळ. पण इथं पास्तोरेम आहे ना? तो शेवटचा एम तुमच्या 'ला'चं काम करतो. मेंढपाळाला. आणि ग्रेक्स हे कर्त्याचं रूप. कळप पोसतो. अध्यक्ष म्हणतात तसं असतं तर पास्तोर ग्रेगेम अलित लिहावं लागलं असतं."

"पण मेंढपाळ आधी आलाय, फादर."

"येऊ दे की! कुठलाही शब्द कुठेही ठेव. खाणारा मेंढपाळच राहतो. संस्थापकांनी हे शाळेतल्या शिक्षकांसाठी लिहिलं होतं, बाळ. आपण कोणाच्या जिवावर जेवतो ते विसरू नये म्हणून."

मी तिथेच मराठी ओळ लिहिली: मेंढपाळाला कळप पोसतो. लॅटिनचा क्रमसुद्धा तसाच राहिला. इंग्रजीत त्या एमसारखी शेपटी नाही, जागेवरून अर्थ ठरतो, म्हणून फादरांनी तिथे शब्दांची अदलाबदल केली: द फ्लॉक फीड्स द शेफर्ड.

अध्यक्षांनी कागद वाचला आणि टेबलावर आपटला. "इतकी वर्षं स्नेहसंमेलनात मी काय सांगत आलोय? आता दगडावर उलटं कोरू?"

"उलटं नाही सर, सुलटं."

"तुझी आई स्वयंपाकघरात आहे म्हणून हा उपद्व्याप."

"आई आहे म्हणून मला राग आलाय. चूक फादरांनी काढलीय."

"तुला इंग्रजीवरून मराठी करायला सांगितलं होतं. लॅटिन कोणी विचारलं?"

माणूस शिकलेला, आणि आपण चुकलो हे कळूनही चूक दगडात कोरायला निघालेला! अज्ञान मी समजू शकते. हे अज्ञान नव्हतं.

नाशिकरोडच्या पाटी कोरणाऱ्या काकांचा एक नियम आहे. प्रत्येक ओळीखाली ती भाषा जाणणाऱ्याची सही असल्याशिवाय ते छिन्नी लावत नाहीत. पूर्वी एकदा चुकलेल्या पाटीचं खापर त्यांच्यावर फुटलं होतं. अध्यक्षांनी आपला जुनाच मजकूर, खाली 'मेंढपाळ कळपाला पोसतो' जोडून, आमच्याकडे सह्यांसाठी पाठवला. फादरांनी फक्त लॅटिनखाली सही केली. मी मराठीखाली केली नाही. काकांनी अध्यक्षांना फोन लावला, "साहेब, दोन ओळी बिनसहीच्या आल्यात. कोरणार नाही."

मग शाळेतल्या शिक्षकांना विचारणं झालं. एव्हाना फादरांचं म्हणणं सगळ्यांना कळलं होतं. इंग्रजीचे सर अचानक रजेवर गेले. मराठीच्या बाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही. अध्यक्षांना विरोध कोणीच केला नाही, पण सहीही कोणी केली नाही. शेवटी नुसती लॅटिन ओळ कोरली गेली. खाली दोन ओळींची जागा कोरी.

अनावरणाला अध्यक्ष त्याच दगडाशेजारी उभे राहून पुन्हा म्हणाले, "मेंढपाळ कळपाला पोसतो." टाळ्या वाजल्या. फादरांनी वाजवल्या नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर आई आणि त्या पाच जणी पुढे आल्या. आईच बोलली. "साहेब, त्यावर काय लिहिलंय ते आता आम्हाला माहीत आहे. येत्या रविवारपासून तिघी येतील, तिघी घरी राहतील. पोरं उपाशी राहणार नाहीत."

"कोणाला विचारून?"

"सांगायला आलोय."

अध्यक्षांनी फादरांकडे पाहिलं, मग गाडीकडे निघून गेले.

त्या रविवारी आई घरी होती. तिची सुट्टी अजून कोणत्याही कागदावर नाही. दगडही तसाच आहे. मुलं रोज त्याच्यासमोरून जातात आणि लॅटिन ओळीचा अर्थ विचारतात. शिक्षक म्हणतात, "जुनं काहीतरी आहे." सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हे 'काहीतरी' ऐकलं की माझं डोकं फिरतं.